डोळ्याचं प्रेशर नेमकं कशाचं? काचबिंदूमागचा पाण्याचा हिशोब

दोन माणसं एकाच दिवशी डोळे तपासून येतात. एकाच्या कागदावर दाब २४ लिहिलेला असतो आणि डॉक्टर सांगतात, "औषध नको, सहा महिन्यांनी या." दुसऱ्याचा दाब १७ असतो आणि त्याच्या हातात थेंबांची बाटली पडते, रोज रात्री एक थेंब, तोही कायमचा. दोघांनी आपापले कागद शेजारी ठेवले तर कुठल्या तरी डॉक्टरचं नक्की चुकलंय असंच वाटेल. त्यात दरवर्षी मार्चमध्ये जागतिक काचबिंदू सप्ताह येतो, 'डोळ्याचा दाब तपासा' असे संदेश फिरतात आणि दाब वाढणं म्हणजेच काचबिंदू हा समज पक्का होतो.

खरं तर काचबिंदू म्हणजे डोळ्याची नस हळूहळू मरत जाण्याचा आजार, आणि दोन्ही डॉक्टर बरोबर असू शकतात. कसे, ते कळण्यासाठी डोळ्यात पाणी कुठे बनतं, कुठून बाहेर पडतं आणि डोळ्यामागची नस त्या दाबाखाली कशी दुखावते, हे ओळीनं पाहावं लागेल. मधे एक छोटंसं गणित येईल. ते टाळून पुढे जाऊ नका, कारण बहुतेक प्रश्नांची उत्तरं त्या गणितातच आहेत.

हे पाणी म्हणजे अश्रू नव्हेत

अश्रू डोळ्याच्या बाहेर, पापणीखालच्या ग्रंथीत बनतात आणि नाकात उतरतात. आपण बोलतोय ते पाणी डोळ्याच्या आत असतं. डोळ्याच्या पुढच्या बाजूला काचेसारखा पारदर्शक पडदा असतो, तो कॉर्निया. त्याच्यामागे रंगीत पडदा, म्हणजे आयरिस, आणि त्याच्या मधलं गोल छिद्र म्हणजे बाहुली. बाहुलीमागे भिंग. कॉर्निया आणि भिंग यांच्या मधल्या जागेत जे स्वच्छ पाणी असतं त्याला ॲक्वियस ह्यूमर म्हणतात. पुढे मी नुसतं 'ॲक्वियस' म्हणेन. कितीही रडलं तरी हे पाणी कमी होत नाही आणि ते वाढलं म्हणून डोळ्यातून पाणीही येत नाही.

त्याची गरज का पडली? कॉर्निया आणि भिंग यांतून प्रकाश जायला हवा, म्हणून त्यांच्यात रक्तवाहिन्या नाहीत. पण पेशी जिवंत आहेत, त्यांना साखर लागते आणि त्यांनी टाकलेला कचरा कुणीतरी न्यायला लागतो. रक्ताचं हे काम तिथे ॲक्वियस करतं. त्यात प्रथिनं जवळजवळ नसतात, नाहीतर प्रकाश विखुरला असता. क जीवनसत्त्व मात्र रक्तापेक्षा कितीतरी पट जास्त असतं. याच पाण्याच्या दाबामुळे डोळ्याचा गोळा ताठ राहतो आणि कॉर्निया, भिंग आणि मागचं दृष्टिपटल यांच्यातली अंतरं बदलत नाहीत. म्हणजे डोळ्यात दाब असणं हा काही आजार नाही. दाब नसेल तर नजर स्थिर राहणारच नाही.

पाणी बनतं कुठे

आयरिसच्या मुळाशी, मागच्या बाजूला, स्नायू आणि रक्तवाहिन्यांचं एक कडं असतं. त्याला सिलियरी बॉडी म्हणतात. तिच्यावर सत्तरएक बारीक घड्या असतात आणि त्या घड्यांवर पेशींचे दोन थर. रक्तातलं पाणी इथे नुसतं गाळून येत नाही. पेशी सोडियम आणि बायकार्बोनेट ऊर्जा खर्च करून आत ढकलतात आणि त्या क्षारांमागे पाणी ओढलं जातं. कार्बोनिक ॲनहायड्रेज नावाचं विकर या कामात लागतं. पुढे औषधांत त्याची गाठ पडेल.

वेग अगदी मंद असतो. जागेपणी मिनिटाला सुमारे अडीच मायक्रोलिटर, म्हणजे मिलिलिटरच्या हजाराव्या भागाच्या अडीचपट. औषधाच्या बाटलीतून पडतो तेवढा एक थेंब बनायला वीसेक मिनिटं जातात. डोळ्याच्या पुढच्या कप्प्यात सगळं मिळून पाव मिलिलिटर पाणी असतं, त्यामुळे दीड-दोन तासांत तिथलं पाणी नवं झालेलं असतं. झोपेत हा वेग साधारण निम्म्यावर येतो. या निम्म्या वेगाचा एक विचित्र परिणाम पुढे येणार आहे.

इथे एक गोष्ट ठळकपणे लक्षात घ्यायला हवी. निचरा अडला, डोळ्यातला दाब वाढला, तरी पाणी बनण्याचा वेग फारसा कमी होत नाही. 'आता पुरे' असा निरोप मागे नेणारी भरवशाची यंत्रणा इथे नाही.

आणि जातं कुठे

घड्यांमधून निघालेलं ॲक्वियस आधी आयरिसच्या मागे जमतं, भिंगाला वळसा घालून बाहुलीतून पुढे येतं आणि कॉर्निया आणि आयरिस जिथे भेटतात त्या कोपऱ्याकडे जातं. डॉक्टर या कोपऱ्याला अँगल किंवा 'कोन' म्हणतात. कोनात स्पंजासारख्या तंतूंची एक गोलाकार जाळी असते, ट्रॅबेक्युलर मेशवर्क. जाळीच्या पलीकडे डोळ्याभोवती फिरणारी एक बारीक नळी आहे. जर्मन शरीररचनातज्ज्ञ फ्रीडरिश श्लेम यांनी १८३० मध्ये तिचं वर्णन केलं, म्हणून ती श्लेमची नलिका. तिथून पाणी डोळ्याच्या पांढऱ्या भागावरच्या शिरांत आणि मग रक्तात मिसळतं.

जाळीचा बहुतेक भाग तसा मोकळाच असतो. खरा अडथळा सगळ्यात शेवटी, श्लेमच्या नलिकेला लागून असलेल्या पातळ थरात आणि नलिकेच्या आतल्या भिंतीत असतो. १९६३ मध्ये मॉर्टन ग्रँट या अमेरिकी डॉक्टरांनी काढलेल्या डोळ्यांमधून पाणी सोडून हे मोजलं. जाळी कापली की निचऱ्याचा सुमारे तीन चतुर्थांश अडथळा नाहीसा होत होता. सर्वांत जास्त आढळणारा काचबिंदू, ज्याला 'उघड्या कोनाचा' म्हणतात, तो बहुधा इथूनच सुरू होतो. कोन मोकळा दिसतो, पाणी जाळीपर्यंत सहज पोचतं, पण जाळीतल्या पेशी घटलेल्या असतात, त्यांच्याभोवती नको ते द्रव्य साठलेलं असतं, ऊती कडक झालेल्या असतात.

याच जाळीला स्टेरॉइडही बिघडवू शकतात. डोळे लाल झाले, खाज सुटली म्हणून कुणी स्टेरॉइडचे थेंब आठवड्यांमागून आठवडे घालत राहिलं तर साधारण तिघांतल्या एकाचा दाब कमीजास्त प्रमाणात वाढतो. डोळा छान पांढरा दिसत असतो, खाज थांबलेली असते, म्हणून शंकाही येत नाही. लवकर लक्षात आलं तर थेंब थांबवल्यावर दाब बहुधा उतरतो. उशीर झाला तर नसेचं नुकसान झालेलं असतं. चिठ्ठीशिवाय आणलेल्या थेंबांबद्दल डोळ्यांचे डॉक्टर चिडतात ते यामुळे.

जाळीखेरीज एक आडवाट आहे. थोडं पाणी सिलियरी बॉडीच्या स्नायूच्या तंतूंमधून झिरपत डोळ्याच्या भिंतीतून बाहेर जातं. या वाटेनं जाणारं पाणी दाबावर फारसं अवलंबून नसतं.

दाबाचा हिशोब

बेसिनचा नळ बारीक सुरू आहे आणि खालचं भोक अर्धवट तुंबलंय असं समजा. बेसिन लगेच भरून वाहत नाही. पाण्याची पातळी वाढते, तसा भोकावरचा भार वाढतो आणि पाणी जोरानं खाली जाऊ लागतं. जितकं येतंय तितकंच जाऊ लागलं की पातळी थांबते. तुंबणं जितकं जास्त, तितकी ही थांबायची पातळी उंच. आणि ते भोक ज्या गटारात उघडतं तिथेच आधी पाणी साचलं असेल तर बेसिनची पातळी त्याच्या खाली जाऊच शकत नाही.

डोळ्याचा दाब म्हणजे ही थांबलेली पातळी. स्विस नेत्रतज्ज्ञ हान्स गोल्डमान यांच्या नावानं ओळखलं जाणारं सूत्र हेच सांगतं:

दाब = (बनणारं पाणी − आडवाटेनं जाणारं पाणी) ÷ जाळीचा मोकळेपणा + बाहेरच्या शिरांतला दाब

मोकळेपणा म्हणजे दाबाच्या एका एककाला दर मिनिटाला जाळीतून किती मायक्रोलिटर पाणी निघतं ते. दाब मिलिमीटर पाऱ्यात मोजतात, रक्तदाबासारखाच.

आता ५८ वर्षांच्या एका बाईंचा डोळा घेऊ. उदाहरण काल्पनिक आहे, आकडे खऱ्या डोळ्यांत सापडतात त्या मापाचे. पाणी बनतंय २.४, आडवाटेनं जातंय ०.६, म्हणजे जाळीतून जायला उरलं १.८. तरुणपणी जाळीचा मोकळेपणा ०.३ होता. १.८ भागिले ०.३ म्हणजे ६. बाहेरच्या शिरांतला दाब ९. एकूण १५. अगदी साधारण दाब.

वर्षानुवर्षं जाळी बिघडत गेली आणि मोकळेपणा ०.१ वर आला. बाकी काहीच बदललं नाही. १.८ भागिले ०.१ म्हणजे १८, अधिक ९, दाब २७.

उलट कल्पना करा. जाळी ठणठणीत, ०.३, पण पाणी दीडपट बनू लागलं, ३.६. आडवाटेचे ०.६ वजा केले की उरले ३. भागिले ०.३ म्हणजे १०, अधिक ९, दाब १९. पाणी दीडपट होऊनही दाब विसाच्या आतच. त्यामुळे 'तुमच्या डोळ्यात पाणी जास्त बनतंय' हे स्पष्टीकरण जवळजवळ कधीच खरं नसतं. वयाबरोबर पाणी बनणं उलट थोडं कमीच होतं. अडतं ते निचऱ्यात.

औषध या हिशोबात कुठे बसतं

त्याच बाईंचा दाब २७ आहे. टिमोलॉलचे थेंब दिले. ते सिलियरी बॉडीला मिळणारा इशारा अडवतात आणि पाणी बनणं सुमारे ३० टक्के कमी करतात: २.४ चं झालं १.७. वजा ०.६ म्हणजे १.१, भागिले ०.१ म्हणजे ११, अधिक ९. दाब २०. डॉर्झोलामाइडसारखी औषधंही पाणीच कमी करतात, फक्त मघाचं विकर अडवून.

दुसरा रस्ता लॅटानोप्रोस्टचा. हे औषध मुख्यतः आडवाट रुंद करतं. समजा तिथून ०.६ ऐवजी १.४ जाऊ लागलं. २.४ वजा १.४ म्हणजे १, भागिले ०.१ म्हणजे १०, अधिक ९. दाब १९. म्हणजे तुंबलेल्या जाळीला हात न लावताच दाब उतरला. रात्रीचा एक थेंब जो बऱ्याच जणांना मिळतो तो बहुधा या जातीचा असतो.

आता रात्रीची गंमत. झोपेत पाणी निम्मंच बनतं, मग सूत्राप्रमाणे दाब धाडकन उतरायला हवा. प्रत्यक्षात आडवं पडलेल्या माणसाचा दाब रात्री मोजला तर तो बहुतेकदा दिवसाच्या बसलेल्या दाबापेक्षा जास्तच निघतो. आडवं झाल्यावर डोक्याकडच्या शिरांतला दाब वाढतो, म्हणजे सूत्रातला शेवटचा आकडा वर जातो. शिवाय रात्री निचराही मंदावतो. टिमोलॉलचं काम पाणी कमी करणं, आणि रात्री ते आधीच कमी असतं, त्यामुळे झोपेत त्याचा उपयोग फार थोडा होतो. लॅटानोप्रोस्ट रात्रीही काम करत राहतं. एखाद्याचा दवाखान्यातला दाब नेहमी छान येतो आणि तरी नस बिघडत जाते, तेव्हा डॉक्टर ज्या गोष्टी तपासतात त्यांत ही एक असते. दवाखान्यातलं मोजमाप दिवसा, बसून, एका मिनिटाचं असतं.

शिरांतला तो ९ चा आकडा आणखी एक गोष्ट सांगतो. पाणी कितीही कमी करा, जाळी कितीही मोकळी करा, निचरा त्याच शिरांत होणार असेल तर जाळीच्या वाटेनं दाब ९ च्या खाली नेता येत नाही. दाब फारच खाली न्यायचा असेल तर डॉक्टर शस्त्रक्रियेकडे वळतात. ट्रॅबेक्युलेक्टॉमीत डोळ्याच्या भिंतीत नवी वाट करून पाणी पांढऱ्या भागावरच्या पातळ आवरणाखाली सोडतात, म्हणजे शिरांना वगळूनच.

शीर्षासनाबद्दलचा सल्लाही इथूनच येतो. डोकं खाली केलं की शिरांतला दाब वाढतो आणि त्या अवस्थेत डोळ्याचा दाब जवळजवळ दुप्पट होऊ शकतो. सरळ झालं की तो उतरतो. पण ज्यांची नस आधीच कमजोर आहे त्यांनी रोज हा भार का द्यावा, असं डॉक्टरांचं म्हणणं असतं, आणि मला ते पटतं.

"मग पाणी कमी प्यायचं? बीपी कमी केलं तर?"

एका दमात लिटरभर पाणी प्यायलं तर दाब थोडा वेळ काही अंकांनी वाढतो, विशेषतः निचरा कमजोर असेल तर. काही डॉक्टर निचऱ्याची परीक्षा म्हणून हे मुद्दाम करूनही पाहतात. तेवढ्यासाठी दिवसभरात पाणी कमी पिण्याची गरज नाही, घोट घोट प्या.

रक्तदाबाचं मात्र उलटं आहे. रक्तदाब वरखाली झाला तरी डोळ्याचा दाब नगण्य बदलतो, दोन्ही एककं सारखी असली तरी ती दोन वेगळी खाती आहेत. पण रक्तदाब फार खाली गेला, विशेषतः रात्री झोपायच्या आधी घेतलेल्या जोरदार गोळीमुळे, तर डोळ्याच्या नसेला रक्त कमी पोचतं. काचबिंदू असलेल्यांनी आपल्या बीपीच्या गोळ्या आणि त्यांच्या वेळा डोळ्यांच्या डॉक्टरांना सांगाव्यात, ते एवढ्याचसाठी. स्वतःहून गोळी बंद करणं हा त्यावरचा उपाय नाही.

दाबानं नस का मरते

आतापर्यंत सगळं डोळ्याच्या पुढच्या भागात चाललं होतं. नुकसान मात्र होतं मागे.

दृष्टिपटलातल्या पेशींचे दहा ते बारा लाख धागे एका ठिकाणी जमून डोळ्याच्या मागच्या भिंतीतून बाहेर पडतात आणि मेंदूकडे जातात. हा जुडगा म्हणजे ऑप्टिक नर्व्ह, डोळ्याची नस. डोळ्याची भिंत इतरत्र जाड आणि घट्ट असते. पण धागे बाहेर पडतात तिथे तिला भोकं ठेवावी लागली आहेत. तिथे भोकाभोकांची एक पातळ पट्टी असते आणि प्रत्येक भोकातून धाग्यांची एक जुडी जाते. संपूर्ण डोळ्यात दाबाला सगळ्यात कमजोर जागा हीच.

पट्टीच्या आतल्या बाजूनं डोळ्याचा दाब असतो आणि मागच्या बाजूनं मेंदूभोवतालच्या पाण्याचा दाब, कारण ते पाणी नसेच्या आवरणातही उतरलेलं असतं. पट्टीवरचा ताण या दोन्हींच्या फरकावर ठरतो. हा ताण जास्त झाला, किंवा पट्टीच मुळात लेचीपेची असली, की ती मागे वाकते. तिच्यातली भोकं एकमेकांवरून सरकतात आणि धागे त्यांत आवळले जातात. धाग्यांतून पेशीला लागणारी द्रव्यं दोन्ही दिशांना सतत ये-जा करत असतात, ती वाहतूक इथे अडते. पट्टीतल्या केशवाहिन्याही दबतात. पेशी एका दिवसात मरत नाही, उपासमार होत होत मरते. आणि मेलेली पेशी पुन्हा उगवत नाही.

पट्टीच्या वरच्या आणि खालच्या भागातली भोकं मोठी आणि त्यांच्यामधले आधार पातळ असतात, म्हणून तिथले धागे आधी जातात. नजरेच्या मध्यभागाकडून येणारे धागे सहसा शेवटपर्यंत टिकतात. त्यामुळे माणूस तक्त्यावरची शेवटची ओळही वाचतो, सुईत दोरा ओवतो, आणि त्याच वेळी नाकाच्या बाजूचा आणि वरचा-खालचा भाग धनुष्याच्या आकारात पुसला जात असतो. काळा डाग दिसत नाही. एका डोळ्याची उणीव दुसरा भरून काढतो आणि मोकळी जागा मेंदू आजूबाजूच्या चित्रानं भरतो. फील्ड टेस्टमध्ये, म्हणजे समोर लुकलुकणारे ठिपके दिसताच बटण दाबायच्या तपासणीत, पहिला ठळक दोष येईपर्यंत पाव ते एक तृतीयांश पेशी गेलेल्या असू शकतात.

डॉक्टर बाहुलीतून आत पाहून नसेच्या तोंडाचा खळगा तपासतात. धागे कमी झाले की हा खळगा मोठा होतो. ओसीटी या तपासणीत धाग्यांच्या थराची जाडीच मोजली जाते.

२१ चा आकडा कुठून आला

'२१ च्या वर दाब म्हणजे काचबिंदू' हे वाक्य बहुतेकांनी ऐकलेलं असतं. या आकड्यामागे नसेची काहीच तपासणी नाही. १९५८ मध्ये जर्मनीत लायडहेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हजारो लोकांचा दाब मोजला. सरासरी आली सुमारे १५.५. सरासरीपासून नेहमीच्या चढउताराच्या दुप्पट अंतरावर रेघ मारली आणि ती २१ च्या जवळ पडली. म्हणजे २१ च्या वरचा दाब कमी लोकांत आढळतो, एवढंच तो आकडा सांगतो. कुणाची पट्टी किती भार सोसेल हे त्यात कुठेच नाही.

२४ दाबाच्या माणसाला औषध का दिलं नाही? अमेरिकेत अशाच लोकांवर मोठा अभ्यास झाला, निष्कर्ष २००२ मध्ये आले. दाब वाढलेले पण नस शाबूत असलेले १,६३६ जण, निम्म्यांना थेंब, निम्म्यांवर नुसती नजर. पाच वर्षांत थेंब न घेतलेल्यांपैकी ९.५ टक्के लोकांना काचबिंदू झाला, थेंब घेतलेल्यांपैकी ४.४ टक्के लोकांना. थेंबांनी धोका निम्म्याहून कमी झाला हे खरं. पण दाब वाढलेल्या शंभरांतल्या नव्वद जणांचं औषधाविना पाच वर्षांत काहीच बिघडलं नाही, हेही तितकंच खरं. म्हणून डॉक्टर वय, नसेचा खळगा, कुटुंबात कुणाला आहे का, हे पाहून ठरवतात.

याच अभ्यासात कॉर्नियाच्या जाडीचं महत्त्वही ठळक झालं. दाब मोजायचं नेहमीचं यंत्र, जे गोल्डमान यांचंच, कॉर्नियावरचं तीन मिलिमीटरचं वर्तुळ सपाट करायला किती जोर लागतो ते पाहतं. जाड कॉर्निया दबायला जास्त जोर लागतो, म्हणून खरा दाब कमी असून यंत्र जास्त दाखवतं. पातळ कॉर्नियात उलट. चष्म्याचा नंबर घालवायला लेसर केलेलं असेल तर कॉर्निया पातळ झालेला असतो आणि दाब फसवा कमी येतो. वर्षं लोटली तरी ही गोष्ट डॉक्टरांना आठवणीनं सांगावी.

आणि १७ वाल्याला थेंब का? कारण त्याची नस १७ लाही बिघडत होती. अशा काचबिंदूला 'नॉर्मल टेन्शन' म्हणतात, इथे टेन्शन म्हणजे डोळ्याचा दाब, आणि तो काही अपवादात्मक नाही. जपानमधल्या ताजिमी शहरात केलेल्या पाहणीत उघड्या कोनाच्या काचबिंदूच्या ९२ टक्के रुग्णांचा दाब २१ किंवा त्याच्या आत होता. दाब आधीच 'नॉर्मल' असताना तो आणखी उतरवून काय मिळणार, ही शंका रास्त आहे. १९९८ मध्ये त्याचं उत्तर आलं: अशा रुग्णांचा दाब ३० टक्क्यांनी उतरवला तेव्हा १२ टक्के डोळ्यांत आजार पुढे सरकला, उपचार न केलेल्यांत ३५ टक्के डोळ्यांत. तरीही त्या १२ टक्क्यांचं बिघडलंच. दाब हे एकमेव कारण नाही, पण आज आपल्याला बदलता येतं ते तेवढंच.

कोन बंद होतो तेव्हा

आतापर्यंतचा सगळा हिशोब उघड्या कोनाचा. दुसरा प्रकार वागायलाच वेगळा आहे. काही डोळ्यांत पुढचा कप्पा उथळ असतो आणि वयाबरोबर जाड होणारं भिंग आयरिसला मागून टेकू लागतं. अंधुक उजेडात बाहुली अर्धवट मोठी झाली की आयरिस आणि भिंग यांच्यामधली फट आवळली जाते. मागे पाणी बनतच राहतं, पुढे यायला वाट नाही, मग आयरिस पुढे फुगते आणि जाळीवर जाऊन बसते. जाळी चांगली असूनही तिच्यापर्यंत पाणीच पोचत नाही. दाब काही तासांत ५० च्या पुढे जाऊ शकतो.

हा प्रकार लपून राहत नाही: डोळा लाल, असह्य दुखणं, दिव्याभोवती रंगीत वलयं, धूसर नजर, डोकेदुखी, उलट्या. उलट्यांमुळे बरेच जण पोटाच्या किंवा मायग्रेनच्या उपचारात वेळ घालवतात. ही तासांची शर्यत आहे. दाब औषधांनी उतरवल्यावर लेसरनं आयरिसच्या कडेला एक सूक्ष्म छिद्र पाडतात. पाण्याला बाहुली टाळून पुढे यायची वाट मिळते आणि आयरिस मागे सरकते. अरुंद कोन आधीच दिसला तर हे छिद्र झटका येण्यापूर्वीही पाडता येतं. मात्र बंद कोनाचा काचबिंदू दर वेळी असा वाजतगाजत येत नाही. अनेकांत कोन हळूहळू, काही न दुखता चिकटत जातो. म्हणून नुसता दाब मोजून न थांबता आरशाच्या छोट्या भिंगातून कोन पाहणं तपासणीत हवंच.

"थेंब घालतोय, पण काहीच फरक वाटत नाही"

वाटणारही नाही. थेंबांनी गेलेली नजर परत येत नाही, दाब उतरल्याचं जाणवत नाही आणि वर डोळे चुरचुरतात. थेंब सोडून देणारे बरेच असतात आणि मला त्यांचं नवल वाटत नाही. त्यावर एक पर्याय पुढे आला आहे. लेसरनं जाळीवर हलके ठिपके देतात, त्यामुळे तिथल्या पेशी जाग्या होऊन निचरा सुधारतो. आपल्या बाईंची जाळी ०.१ वरून ०.१५ वर आली असं धरा: १.८ भागिले ०.१५ म्हणजे १२, अधिक ९, दाब २१. ब्रिटनमधल्या एका अभ्यासात, ज्याचे निष्कर्ष २०१९ मध्ये आले, पहिला उपचार म्हणून हे लेसर घेतलेल्यांपैकी ७४ टक्के लोकांना तीन वर्षांनंतरही थेंब न लावता ठरवलेला दाब राखता आला. परिणाम कायमचा नसतो, काही वर्षांत ओसरतो, पण लेसर पुन्हा देता येतं.

'ठरवलेला दाब' हा शब्दही डॉक्टरांकडून समजून घ्यावा. २७ वाल्या बाईंची नस नुकतीच बिघडू लागली असेल तर सुरुवातीला १९ च्या आसपासचं लक्ष्य ठेवतील. मग दर काही महिन्यांनी फील्ड टेस्ट. एकाच टेस्टवर विसंबत नाहीत, कारण थकवा, झोप, चुकून दाबलेलं बटण यांनी निकाल बराच हलतो. पहिल्या दोन वर्षांत अशा पाच-सहा टेस्ट हातात आल्या की नस स्थिर आहे की घसरतेय आणि किती वेगानं, हे दिसू लागतं. १९ वरही घसरण दिसली तर लक्ष्य १५ करतात, स्थिर असेल तर तेच राहू देतात.